यूट्यूब चालते, मग मालिकाच का अडकते?



गेल्या पोळ्याला आमच्या घरी नेहमीप्रमाणे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी गोटमार, त्यामुळे दोन दिवस घर भरलेले आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. रात्री साडेआठला सौ.ची मराठी मालिका लागली आणि दर दोन-तीन मिनिटांनी पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. मी म्हटले, नऊ मोबाईल एका वायफायवर आहेत, दुसरे काय होणार? पाहुणे गेले, पण चक्र काही गेले नाही. शेजारच्या वहिनी मालिका बघायला येतात, त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारले, "भाऊजी, यूट्यूब तर बरोबर चालते, मग हेच काहून अटकते?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याच टीव्हीवर, त्याच वायफायवर यूट्यूबवरचे कीर्तन तासभर न थांबता चालते, व्हॉट्सॲपवर नातवाचा व्हिडिओ कॉल होतो, आणि ज्या ॲपचे आपण वर्षाचे पैसे भरले तेच अडखळते. बँकेत असताना आम्हाला शिकवले होते की ताळा जुळला नाही तर आधी कोणत्या खात्यात फरक आहे ते शोधा, सगळ्या वह्या खोडायला बसू नका. इथेही मी तेच केले. ॲपचे नाव मी सांगत नाही, कारण असे कोणत्याही ॲपचे होऊ शकते.

आधी इतर ॲप का चालतात ते पाहू, नाहीतर पुढचे कळणार नाही.

चित्रफीत एका सलग धारेत येत नाही. ती काही सेकंदांच्या तुकड्यांत येते. आपण पाहत असतो त्याच्या पुढचे काही तुकडे ॲप आधीच आणून स्मृतीत ठेवते. नळ येतो तेव्हा आपण टाकी भरून ठेवतो, तसेच हे आहे. नळाची धार मध्येच बारीक झाली तरी टाकीत पाणी असेपर्यंत घरात कोणाला कळत नाही. टाकी रिकामी झाली की चक्र फिरते. शिवाय प्रत्येक तुकडा चार-सहा दर्जांत तयार असतो. धार बारीक झाली की ॲप हलक्या दर्जाचा तुकडा मागवते. चित्र थोडे पुसट होते, पण थांबत नाही. यूट्यूब यात फार पटाईत आहे. ते गुपचूप दर्जा उतरवते आणि आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. खात्री करायची असेल तर यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना गिअरचे चिन्ह दाबून Stats for nerds सुरू करा. त्यात Buffer Health म्हणून सेकंद दिसतात, ती म्हणजे टाकीतली पातळी. आमच्याकडे ती बरीच भरलेली दिसली. म्हणजे धार मुळात बारीक नव्हती.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी. त्याच्या निरोपाला कितीसे इंटरनेट लागते? नेटफ्लिक्स आपल्या मदतीच्या पानावर सांगते की फुल एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४के चित्राला १५ मेगाबिट वेग पुरतो. व्हॉट्सॲपचा निरोप त्याच्या शतांशातही जातो. म्हणून 'बाकी सगळे चालते' हे वाक्य ऐकायला पक्के वाटले तरी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याची. वायफाय एकच असले तरी प्रत्येक ॲपचे सामान वेगवेगळ्या ठिकाणाहून येते. पांढुर्ण्याहून निघालात की नागपूरचा रस्ता वेगळा, बैतूलचा वेगळा आणि सौंसरचा वेगळा. नागपूरचा रस्ता मोकळा आहे म्हणून सौंसरच्या रस्त्यावर ट्रक उलटलेला नाही असे होत नाही. वायफाय ही फक्त आपल्या घरापुढची गल्ली.

चौथी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पैसे देऊन पाहायच्या मालिका-सिनेमे कुलूपबंद येतात. चोरून उतरवून घेऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याला कुलूप असते आणि टीव्हीला त्याची किल्ली कंपनीकडून मागून घ्यावी लागते. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, तसा काहीसा प्रकार. यूट्यूबवरच्या फुकटच्या व्हिडिओंना सहसा अशी कुलपे नसतात. त्यामुळे जुन्या, दमलेल्या टीव्हीला यूट्यूब सोपे जाते आणि सशुल्क ॲप जड जाते.

आता तपासणी. मी दोनच चाचण्या केल्या, पण त्या दोन केल्याशिवाय काहीही बदलायचे नाही असे ठरवले होते.

पहिली चाचणी म्हणजे ॲप तेच, वायफाय तेच, यंत्र दुसरे. रात्री साडेआठला, म्हणजे त्रास होतो त्याच वेळी, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून मोबाईलवर तीच मालिका लावली. मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद केला, नाहीतर तो नकळत त्यावर जातो आणि चाचणी वाया जाते. ॲपमध्ये दर्जा सगळ्यात वरचा निवडला. लहान पडद्यावर ॲप आपणहून हलका दर्जा घेते, मग तुलना बरोबरीची राहत नाही. वीस मिनिटे पाहिली, एकदाही अडकली नाही.

दुसरी चाचणी म्हणजे ॲप तेच, टीव्ही तोच, इंटरनेट दुसरे. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला आणि टीव्ही घरच्या वायफायवरून काढून त्यावर जोडला. एचडी चित्र तासाला साधारण ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकते, म्हणजे दहा मिनिटांत अर्धा जीबी. ज्यांचा रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्यांनी दहा मिनिटांतच आटोपावे. आमच्याकडे सातव्या मिनिटाला चक्र फिरले.

या दोन उत्तरांचा अर्थ सरळ आहे. त्याच वायफायवर मोबाईल चालला, म्हणजे वायफाय, पुरवठादार आणि ॲपची कंपनी तिघेही निर्दोष. दुसऱ्या इंटरनेटवरही टीव्ही अडकला, म्हणजे दोष टीव्हीत किंवा टीव्हीवरच्या ॲपमध्ये. उत्तरे उलटी आली असती, म्हणजे मोबाईलही अडकला असता आणि हॉटस्पॉटवर टीव्ही चालला असता, तर दोष बाहेरच्या रस्त्यात. दोन्ही यंत्रे दोन्ही इंटरनेटवर अडकली तर समजा की त्या दिवशी कंपनीकडेच गडबड आहे, आपण गप्प बसावे. २० नोव्हेंबर २०२२ला कतारचा फुटबॉल विश्वचषक सुरू झाला तेव्हा जिओसिनेमावर देशभरातून चित्र अडकण्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि कंपनीने लोकांना ॲपची नवी आवृत्ती घ्यायला सांगितले होते. त्या संध्याकाळी कोणी आपला राउटर दहा वेळा बंद-चालू केला असेल तर ती मेहनत फुकटच गेली. थेट सामन्यांत आणखी एक अडचण अशी की जे मैदानावर अजून घडलेलेच नाही ते आधी आणून ठेवता येत नाही. टाकी मुळातच लहान असते. म्हणून मालिका ठीक आणि क्रिकेट अडकते असे असेल तर ते लगेच बिघाड समजू नये.

आमचा दोष टीव्हीत आहे हे कळल्यावर एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच वेळी एक भाग पाहायचा, असा नेम केला. सौ. म्हणाली, "अहो, मालिका बघायची की ऑडिट करायचे?" पण एकदम पाच गोष्टी केल्या तर कशाने बरे झाले ते कळत नाही, आणि महिन्याने पुन्हा बिघडले की पुन्हा पाचही कराव्या लागतात.

पहिल्या दिवशी टीव्ही खरोखर बंद केला. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद होत नाही, नुसता झोपतो. आमचा बिचारा किती महिने तसाच झोपत-उठत होता कोण जाणे. भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबलो आणि मग सुरू केला. त्या रात्री मालिका छान चालली. सौ. खूश, वहिनी खूश. दुसऱ्या रात्री चक्र हजर. याचा अर्थ असा की टीव्हीची स्मृती भरून जात होती. बंद-चालू केल्याने ती रिकामी झाली, पण ती भरण्याचे कारण तसेच राहिले. आपल्याकडे बहुतेक लोक इथेच थांबतात आणि रोज प्लग काढत बसतात.

तिसऱ्या दिवशी टीव्हीची साठवण पाहिली. आमचा टीव्ही सहा वर्षांचा, अँड्रॉइडवर चालणारा. Settings मध्ये Device Preferences आणि त्यात Storage उघडले. नव्या टीव्हींवर नावे थोडी वेगळी असतात, पण Storage हा शब्द सापडतोच. एकूण ८ जीबी, त्यातली बरीच जागा टीव्हीची स्वतःचीच प्रणाली खाते. शिल्लक जागा दिसली १४० एमबी. म्हणजे जवळजवळ शून्य. इतकी कमी जागा उरली की टीव्हीचे प्रत्येक काम रेंगाळते. मेनू उघडायला वेळ लागणे, रिमोटचे बटण दाबल्यावर एक-दोन सेकंदांनी हालचाल होणे, ही त्याची खूण. ती खूण आमच्याकडे वर्षभर दिसत होती आणि मी रिमोटचे सेल बदलत होतो.

मग Settings, Apps, See all apps असे जाऊन ते ॲप उघडले. तिथे Force stop, Clear cache आणि Clear data अशी तीन बटणे एकाखाली एक असतात. आधी Force stop, नंतर Clear cache. या दोन्हींत काही जात नाही. Clear data मात्र जपून वापरा. त्याने ॲप कोरे होते आणि पुन्हा नाव-पासवर्ड टाकावा लागतो. रिमोटने एकेक अक्षर निवडत पासवर्ड टाकणे म्हणजे काय असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक, आणि खाते पुण्याच्या मुलाच्या नावावर असेल तर ओटीपीसाठी त्याला रात्री फोन लावावा लागतो. Clear cache ने साधारण ३०० एमबी मोकळे झाले. त्या रात्री चक्र दोनदाच फिरले. सुधारणा होती, पण ताळा जुळला नव्हता.

चौथ्या दिवशी खरा फरक सापडला. टीव्हीवरच्या Play Store मध्ये जाऊन ते ॲप शोधले. तिथे Open च्या शेजारी Update असे बटण दिसत होते. म्हणजे नवी आवृत्ती आलेली, पण आपल्या टीव्हीवर जुनीच. मला वाटत होते की हे आपोआप होते. होते, पण जागा असेल तर. साठवण भरल्यामुळे दर वेळी नवी आवृत्ती उतरायला सुरुवात होऊन अर्ध्यावर फसत होती. Update दाबले तर जागा पुरेशी नाही असा निरोप आला. ज्या दोन ॲपची वर्गणी केव्हाच संपली होती आणि एक खेळ जो नातवाने मागच्या दिवाळीत टाकला होता, ते तिन्ही काढून टाकले. शिल्लक सव्वा जीबीच्या वर गेली. मग Update दाबले, दहा मिनिटांत ते पूर्ण झाले, आणि एकदा प्लग काढून लावला.

त्या रात्री चक्र एकदाही फिरले नाही, त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. जुन्या आवृत्तीत नेमका काय दोष होता ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. पण घटनाक्रम स्पष्ट होता. जागा भरली म्हणून आवृत्ती जुनी राहिली, आणि जुनी आवृत्ती आधीच दमलेल्या टीव्हीवर अडखळत राहिली. यूट्यूब टीव्हीबरोबरच आलेले, कुलपांची भानगड नाही, म्हणून ते तगून राहिले. वहिनींच्या प्रश्नाचे हे उत्तर.

एक गोष्ट मात्र उरली होती. चक्र नाही, पण नाचाच्या दृश्यात किंवा कॅमेरा वेगाने फिरला की चित्र बारीक हिसके देत होते. हा निराळा आजार आहे आणि लोक दोन्हींना 'अटकते' हाच शब्द वापरतात. चक्र फिरते तेव्हा तुकडा आलेला नसतो. चक्र न फिरता चित्र हिसके देते, आवाज मात्र सलग चालतो, तेव्हा तुकडा आलेला असतो पण टीव्हीला तो उलगडून दाखवणे वेळेत जमत नाही. इथे इंटरनेटचा प्लॅन वाढवून एक पैशाचाही उपयोग नाही. आम्ही ॲपमध्ये दर्जा सगळ्यात वरचा होता तो एक पायरी खाली आणला, हिसके थांबले. ४३ इंची पडद्यावर दहा फुटांवरून मला तरी फरक दिसला नाही. सौ. म्हणते तिला दिसतो.

यापुढे टीव्हीचे वय आडवे येते. टीव्ही बनवणारे काही वर्षांनी त्या मॉडेलला नवी प्रणाली देणे थांबवतात, आणि मग ॲपवालेही जुन्या प्रणालीसाठी नवी आवृत्ती काढणे थांबवतात. Play Store मध्ये Update दिसत नाही आणि तरी ॲप अडकते, अशी वेळ आली तर टीव्ही बदलायची घाई करू नये. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची खाच असते, तिथे लावायची स्ट्रीमिंग स्टिक मिळते. पडदा जुना, मेंदू नवा. टीव्हीच्या किमतीपुढे तिची किंमत फारच कमी असते.

आता बाहेरच्या रस्त्याचे एक उदाहरण, कारण ते सौंसरच्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे घडले आणि त्याची उत्तरे आमच्या बरोबर उलटी होती. त्याच्याकडे टीव्ही नवा, साठवण मोकळी. रात्री आठ ते दहा एक ॲप अडकायचे, मोबाईलवरही अडकायचे, सकाळी मात्र दोन्हींवर सुरेख. हॉटस्पॉटवर टीव्ही रात्रीही चालायचा. त्याने वेग मोजला होता, ४० मेगाबिटच्या पुढे. त्यावरून तो म्हणे, "बापू, नेट तर बरोबर आहे." पण वेग मोजणारी नेहमीची साधने जवळच्या एखाद्या केंद्रापर्यंतचा वेग मोजतात. तो गल्लीचा वेग, ॲपच्या गोदामापर्यंतचा नव्हे. fast.com हे मोजमाप नेटफ्लिक्सच्याच यंत्रांकडून होते, म्हणून नेटफ्लिक्स अडकत असेल तर ते जास्त उपयोगी. दुसऱ्या ॲपसाठी तेही पुरावा नव्हे.

फोनवर बोलता बोलता मी विचारले, राउटरमध्ये कोणी काही बदलले का? तर पुतण्याने दिवाळीत 'नेट फास्ट होते' म्हणून डीएनएसचा नंबर हाताने टाकला होता. डीएनएस म्हणजे इंटरनेटची चौकशी खिडकी. ॲप विचारते, सामान कुठून घेऊ? खिडकी जवळचे गोदाम सांगते. पुष्कळ मोठ्या ॲपची गोदामे पुरवठादाराच्या स्वतःच्या जाळ्यातही ठेवलेली असतात. खिडकी पुरवठादाराची असेल तर ती बहुधा ते घरचे गोदाम सांगते. बाहेरची खिडकी कधीकधी दूरचे सांगते. सकाळी दूरचा रस्ताही मोकळा असतो, रात्री आठनंतर गर्दी होते. पुतण्याला राउटरमध्ये डीएनएस पुन्हा आपोआप ठेवायला सांगितले. टीव्हीवरही Network & Internet मध्ये आपल्या वायफायच्या नावावर जाऊन IP settings हे DHCP वर आहे ना ते पाहायला सांगितले. टीव्ही आणि राउटर दोन्ही बंद-चालू केले. त्या रात्रीपासून अडकणे गेले.

हा इलाज सगळीकडे लागू पडेलच असे नाही. डीएनएस आपोआपच असेल आणि तरी रोज रात्री एकच ॲप अडकत असेल, टीव्ही किंवा मोबाईलवर व्हीपीएनचे ॲपही चालू नसेल, तर तो रस्ता पुरवठादारालाच दुरुस्त करावा लागतो. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. माणूस येतो, वेग मोजून दाखवतो, सही घेऊन जातो. त्याऐवजी असे सांगा: अमुक ॲप, रात्री आठ ते दहा, मोबाईल आणि टीव्ही दोन्हींवर अडकते, त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटवर चालते, सकाळी चालते. तीन-चार दिवसांच्या तारखा आणि वेळा कागदावर लिहून ठेवा. सहकारी स्वतः बँकेतला असल्यामुळे त्याच्याकडे तारखा होत्याच, अगदी तांबड्या शाईने.